दोन घास का जात नाहीत

क्षयाच्या रुग्णाला घरचे ‘दोन घास तरी खा’ म्हणून विनवतात आणि त्याला ते घास खरोखरच जात नाहीत. अन्नावरची वासना अशी आठवडेच्या आठवडे का उडते, याचं मर्म मला १९८५ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका छोट्या शोधनिबंधात सापडतं. तो क्षयावर नाही, तरीही.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी परजीवींची लागण झालेले ससे पाहत होते. अंगात परजीवी थोडेच, पण ससे वाळत चाललेले. म्हणजे त्यांना खंगवत होतं ते त्यांच्याच पेशींतून निघणारं काहीतरी. त्याला ‘कॅकेक्टिन’ म्हटलं गेलं. ब्रूस बॉइटलर यांनी ते शुद्ध केलं, तेव्हा ते गाठींच्या पेशी मारणारा म्हणून आधीच ठाऊक असलेला टीएनएफ निघाला. खंगवणारा आणि लढणारा एकच!

क्षयात या जोडकामाचं पूर्ण रूप दिसतं. जंतूंभोवती संरक्षक पेशींचा जो वेढा पडतो, तो टीएनएफमुळे टिकतो. संधिवातासाठी टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब दिलेल्या काही रुग्णांत सुप्त क्षय उफाळल्याचं २००१ मध्ये दिसलं. तोच टीएनएफ रक्तातून मेंदूपर्यंत खबर नेतो. तो एकटा नसतो. इंटरल्यूकिन-१ आणि ६ हेही सोबत असतात. मेंदूच्या तळाशी काही ठिकाणी रक्त आणि मेंदू यांमधला पडदा विरळ असतो, शिवाय रक्तवाहिन्यांचं अस्तर प्रोस्टाग्लँडिन बनवून निरोप आत पोचवतं. मग हायपोथॅलॅमसमध्ये भूक जागवणाऱ्या पेशी मंदावतात, तृप्तीच्या पेशींना जोर चढतो. पोट रिकामं असूनही दुसऱ्याच घासाला माणूस जेवल्यासारखा होतो. यात त्याचा हट्ट नाही, की स्वयंपाकाचा दोष नाही.

फ्लूमध्ये हा निरोप चार-आठ दिवसांत थांबतो. क्षयाचा जंतू मात्र दिवसाकाठी जेमतेम एकदा दुणावतो आणि वेढ्यातही जिवंत राहतो. म्हणून लढाई महिनोन् महिने चालते आणि निरोपही. थोड्या दिवसांच्या आजारात भूक मंदावणं ही सोय, तीच इथे स्नायू झिजवते. औषधांनी जंतू घटू लागले, की काही आठवड्यांत बहुतेकांची भूक परतू लागते. ती वेळ वाया घालवू नये. झारखंडमधल्या ‘रेशन्स’ अभ्यासात (२०२३) पहिल्या दोन महिन्यांत वजन पाच टक्के वाढलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला. चाळीस किलोच्या माणसासाठी हे फक्त दोन किलो.

परतलेली भूक औषधं चालू असताना पुन्हा गेली, मळमळ-उलट्या सुरू झाल्या, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर ते रोगावर ढकलू नका. औषधांचा यकृतावर परिणाम झालेला असू शकतो; त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.