मिटलेले डोळे, शेजारची फ्रेम

हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून असलेल्या मारुंजीत आणि आसपासच्या लॉन्सवर लग्न लागलं की स्टेजवर नातेवाइकांची रांग लागते. वर-वधू मध्ये, मागे मामा-मामी, पुढे मांडी घालून बसलेली पोरं. ट्रॅडिशनल फोटोग्राफर हात वर करतो, "इकडे बघा" म्हणतो आणि क्लिक करतो. रात्री स्टुडिओत त्या फोटोवर झूम केलं की चोवीस जणांपैकी कोणा ना कोणाचे डोळे बहुतेक वेळा मिटलेले सापडतात. मग सुरू होतं ते काम, ज्याला या धंद्यात सरळ ‘डोळे बदलणं’ म्हणतात: त्याच रांगेच्या दुसऱ्या फ्रेममधून त्या व्यक्तीचे उघडे डोळे उचलून इथे बसवायचे.

या मिटण्यामागे साधं गणित आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी ते मांडलं आणि त्यासाठी त्यांना 2006 सालचं गणिताचं इग नोबेल मिळालं. त्यांनी धरलेले आकडे असे: फोटोसाठी उभा असलेला माणूस मिनिटाला सुमारे दहा वेळा पापणी मिटतो आणि एकेक मिटणं पाव सेकंद टिकतं. म्हणजे कोणत्याही क्षणी एका माणसाचे डोळे मिटलेले असण्याची शक्यता साधारण चार टक्के. चोवीस माणसं असली तर सगळे डोळे उघडे असलेली फ्रेम तिनात जेमतेम एकदा मिळते, आणि अशी एक तरी फ्रेम मिळेलच याची जवळपास खात्री हवी असेल तर दहा-अकरा क्लिक करावे लागतात. जेवणाची पंगत खोळंबलेली असताना दहा क्लिक कोणी करू देत नाही.

डोळे बदलायचे ठरवलं की मात्र हिशेब उलटतो. आता एका फ्रेममध्ये सगळे उघडे असायला नकोत. प्रत्येक जण कुठल्या तरी एका फ्रेममध्ये उघडा सापडला की पुरे. त्याला तीन क्लिक पुरतात.

अर्थात हे गणित धरून चालतं की कोण कधी पापणी मिटेल याचा फोटोशी संबंध नाही. फ्लॅशने तो संबंध जोडला जातो. टीटीएल फ्लॅश आधी एक छोटा चमकारा टाकून उजेड मोजतो आणि मग मुख्य झोत सोडतो. काही जणांची पापणी त्या पहिल्या चमकाऱ्यालाच खाली येते, त्यामुळे ते प्रत्येक फ्रेममध्ये हमखास मिटलेले सापडतात. अशा काकांसाठी शेजारची फ्रेम कामाची नसते. फ्लॅश मॅन्युअलवर ठेवणं किंवा उजेड आधीच मोजून ‘लॉक’ करणं, एवढाच उपाय. जाणते फोटोग्राफर तो करतात. बाकीचे रात्री एडिटिंगवाल्याच्या नावाने खडे फोडतात.

आता प्रत्यक्ष काम पाहू. समजा चार फ्रेम आहेत. तिसरी सर्वांत चांगली, पण तीत मामींचे डोळे मिटलेले आहेत आणि पहिल्या फ्रेममध्ये उघडे. फोटोशॉपमध्ये तिसरी खाली आणि पहिली वर अशा दोन्ही फ्रेम एकावर एक लेयर म्हणून घेतात आणि `Auto-Align Layers` चालवतात. इथेच नवखा फसतो. ही आज्ञा चित्रातला जास्तीत जास्त भाग जुळवते, म्हणजे स्टेजमागची फुलांची सजावट. मामींचं डोकं दोन क्लिकच्या मध्ये थोडं डावीकडे झुकलेलं असतं, ते तसंच राहतं. म्हणून वरच्या लेयरचा मोड `Difference` करून फक्त मामींकडे बघायचं आणि नाकाचा दांडा व भुवया काळ्या पडेपर्यंत लेयर सरकवायचा, लागल्यास अंशभर फिरवायचा. मग मोड पूर्ववत, लेयरवर काळा मास्क, आणि पांढऱ्या मऊ ब्रशने हवा तेवढाच भाग उघडा करायचा.

हवा तेवढा म्हणजे किती, यावर या कलेचं बरंवाईट ठरतं. बहुतेक अल्बममध्ये फक्त डोळ्यांची खाच भरलेली दिसते, आणि चूक तिथेच असते. माणूस हसतो तेव्हा खालची पापणी वर चढते, गाल फुगतो, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडतात. हसऱ्या तोंडावर गंभीर डोळे बसवले की मामी दचकल्यासारख्या दिसतात; काय बिघडलंय हे कोणाला सांगता येत नाही, पण फोटो आवडत नाही. त्यापेक्षा केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत पूर्ण चेहरा उचलावा आणि मास्कची कड जबड्याखालच्या सावलीतून न्यावी. चष्मा असेल तर तो अख्खा घ्यावा लागतो, कारण काचेतलं प्रतिबिंब आणि काचेमागे किंचित सरकलेली गालाची कड अर्धी अर्धी जुळत नाही.

नवरा-नवरीच्या बाबतीत मराठी लग्नाची स्वतःची अडचण आहे: मुंडावळ्या. मोत्यांच्या सरी कानशिलावरून डोळ्यांच्या अगदी शेजारून लोंबतात आणि श्वासागणिक हलतात. मास्कची कड त्यांच्यावरून गेली की सर मध्येच तुटते किंवा एका मोत्याचे दोन होतात. बनावट काम ओळखायची ही सर्वांत सोपी खूण. दुसरी खूण बुबुळातला उजेडाचा ठिपका: शेजारच्या सगळ्यांच्या डोळ्यांत तो वर उजवीकडे आणि एकाच्याच डोळ्यांत मध्यावर असेल, तर ते डोळे वेगळ्या उजेडातले आहेत.

यंत्राने हे काम करून पाहण्याचा इतिहास तसा जुना आहे. 2004 साली वॉशिंग्टन विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी अनेक ग्रुप फोटोंमधून प्रत्येकाचा चांगला चेहरा निवडून एकच फोटो शिवण्याची पद्धत दाखवली. शिवण कुठून न्यायची हे संगणक ठरवायचा: जिथे दोन फ्रेममधला फरक डोळ्याला कळणार नाही तिथून. पुढे हीच कल्पना फोटोशॉप एलिमेंट्समध्ये आली आणि 2023 च्या पिक्सेल 8 फोनमध्ये ‘बेस्ट टेक’ नावाने खिशात पोहोचली. फोन पाठोपाठच्या फोटोंमधले चेहरे दाखवतो, आपण बोटाने निवडायचं. गणपतीतल्या सोसायटीच्या फोटोला हे छान चालतं. तीन रांगांत एकाच्या खांद्याने दुसऱ्याची हनुवटी झाकलेली असली की मात्र गडबडतं.

2017 च्या अखेरीस एलिमेंट्सने दुसराच रस्ता धरला: त्याच माणसाच्या भलत्याच फोटोतले डोळे बसवायचे. ही सोय सपशेल फसवी आहे. साखरपुड्याच्या दुपारच्या उन्हातली नजर रात्रीच्या स्टेजवर येते. रंग जुळवता येतो, नजर नाही. शेजारची फ्रेम वापरण्यात निदान त्याच मिनिटाचा, त्याच उजेडातला माणूस हाती लागतो. वृत्तसंस्था तेही चालवून घेत नाहीत, आणि बातमीच्या फोटोपुरतं ते योग्यच आहे. लग्नाच्या अल्बमला तो नियम लावणं हास्यास्पद ठरेल.

खरी कसोटी पुढे लागते. 24 मेगापिक्सेलच्या फोटोत रुंदीला आठ माणसं बसवली तर एक डोळा जेमतेम पस्तीस-चाळीस पिक्सेलांचा असतो. 36 इंची करिष्मा अल्बमच्या दोन पानांवर तो अर्ध्या सेंटिमीटरचा, तिथे ढिसाळ काम खपून जातं. पण काही वर्षांनी आजी जाते, तिचा दुसरा धड फोटो नसतो, आणि हार घालायच्या फ्रेमसाठी याच ग्रुपमधून तिचा चेहरा कापून मोठा केला जातो. मग पापणीवरची मऊ शिवण, गालावरचा धूसर पट्टा, सगळं भिंतीवर येतं. तेव्हा मूळ चार फ्रेम हव्या असतात. अल्बम घेताना पेनड्राइव्हवर बहुधा सपाट केलेली जेपीजीच मिळते, त्यामुळे लेयर असलेली पीएसडी आणि न वापरलेल्या फ्रेम स्टुडिओकडून त्याच वेळी मागून घ्याव्या लागतात.