खुणेवरून चोर

निबंधात तीन-तीन विशेषणे, ‘केवळ अमुकच नव्हे, तर तमुकही’ आणि शेवटी ‘सारांश’ दिसला, की तो यंत्राने लिहिला असे आम्ही शिक्षक ठरवतो. परवा एका मुलीच्या निबंधात तिन्ही सापडले.

“कुठून आणलंस?”

“तुम्हीच आठवीत शिकवलंत, गुरुजी!”

मी वरमलो. यंत्रही माणसांच्याच लेखनावर शिकले आहे. २०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ९१ इंग्रजी निबंध सात ओळखयंत्रांना दिले. सरासरी निम्म्याहून अधिक यंत्राचे ठरले. शब्दसंग्रह बेताचा असला, की पुढचा शब्द सहज ओळखता येतो, आणि तीच यंत्राची खूण मानली जाते!

मग मी तिची कच्ची वही मागवली. पानोपानी खोडाखोड होती. खोडलेले का खोडले, तेही तिने सांगितले.