आतला आवाज पुरेसा नाही

रात्रपाळीतल्या एका रेडिओलॉजिस्टवरची मराठी कथा मी नुकतीच हस्तलिखितात वाचली. ती अजून छापून आलेली नाही, म्हणून लेखिकेचे नाव येथे घेत नाही. कथा चांगली आहे, पण तिच्या उत्तरार्धाबद्दल माझी तक्रार आहे. मी स्वतः अनेक वर्षे रात्रीचे सीटी वाचले असल्याने ही तक्रार केवळ वाङ्मयीन नाही.

कथानक थोडक्यात असे. पुण्यात बसलेली डॉक्टर तालुक्यांतून येणारे स्कॅन पडद्यावर पाहून अहवाल देते. पहाटे तीन वाजता ७२ वर्षांच्या एका शेतकऱ्याच्या मेंदूचा सीटी येतो. पंधरा दिवस डोके दुखते आहे, चाल अडखळते आहे. तिने स्कॅन उघडण्याआधीच संगणकप्रणालीने आपला निकाल दिलेला असतो : रक्तस्राव नाही, खात्री ९८ टक्के. डॉक्टरला ते पटत नाही.

का पटत नाही, हे लेखिकेने सुरुवातीला सुरेख दाखवले आहे. डॉक्टरला तो मेंदू वयाच्या मानाने फार तरुण वाटतो. या वयात मेंदू थोडा आक्रसतो, त्याच्या घड्यांमधल्या खाचा रुंदावतात, आतल्या द्रवाच्या पोकळ्या मोठ्या होतात. इथे पोकळ्या चिंचोळ्या आहेत आणि खाचा कवटीपर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये काहीतरी आहे.

ते दिसत का नाही? ताजे रक्त सीटीवर पांढरे दिसते, पण गुठळी विरघळू लागली की हा पांढरेपणा उतरत जातो आणि साधारण दोन-तीन आठवड्यांनी रक्त मेंदूच्याच करड्या रंगाचे होते. ते एकाच बाजूला असेल तर मेंदूची मध्यरेषा सरकते आणि चोरी पकडली जाते. इथे दोन्ही बाजूंना सारखेच साचले आहे, म्हणून मध्यरेषा जागच्या जागी आहे. पांढऱ्या रक्ताच्या उदाहरणांवर शिकलेल्या प्रणालीला यात खटकण्यासारखे काही सापडत नाही. तिचे ९८ टक्के तिने पाहिलेल्या उदाहरणांच्या हिशेबाने असतात. अशा शंभर म्हाताऱ्यांपैकी अठ्ठ्याण्णव सुखरूप असतील, असा त्यांचा अर्थ नव्हे.

इथवर कथा पक्की आहे. मग तालुक्याच्या दवाखान्यातून ड्यूटीवरच्या डॉक्टरचा फोन येतो. मशीन तर नॉर्मल म्हणते, मग मॅडम कशावरून सांगता, असे तो विचारतो. ती उत्तर देते की आतला आवाज सांगतो. पुढच्या प्रसंगात ऑपरेशन होते, काळपट रक्त बाहेर येते आणि कथा संपते.

फोनवरचा माणूस त्या आवाजाचे काय करणार? त्याला रात्रीची गाडी शोधायची आहे, मुलाला पैशांची सोय करायला सांगायचे आहे. त्याला कारणे हवीत, आणि ती तिच्यापाशी आहेत. पोकळ्या, खाचा, वय एवढे तिने सांगितले असते तर त्यालाही स्कॅनवर ते दिसले असते. म्हातारा तीन-चार आठवड्यांत कुठे पडला होता का, हे मुलाला विचारायला तिने सांगितले असते. शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन पुन्हा स्कॅन काढायला सुचवले असते, म्हणजे मेंदूच्या पृष्ठावरच्या शिरा उजळून कवटीपासून आत ढकललेल्या दिसल्या असत्या. नायिकेला असामान्य करण्यासाठी लेखिकेने तिच्या हातातली कारणे काढून घेतली आहेत. आतला आवाज हीसुद्धा शेवटी कारण न देणारी खात्रीच. मग तिच्यात आणि त्या ९८ टक्क्यांत फरक काय उरला?

हे मी कडवटपणे लिहितो आहे, कारण माझाही आतला आवाज एकदा असाच ठाम होता. मेंदूच्या खोल भागात मला छोटा पांढरा ठिपका दिसला आणि मी रक्त म्हणून मोकळा झालो. प्रणाली नाही म्हणत होती. घरच्यांनी भाड्याची जीप करून म्हातारीला रातोरात शहरात नेले. तो वयोमानाने साठलेला चुना होता. ठिपक्याची घनता मोजली असती तर तिथेच कळले असते, कारण चुन्याची घनता बहुधा रक्तापेक्षा बरीच जास्त भरते. मी मोजली नाही, कारण माझी खात्री होती.

म्हणून लेखिकेला माझी एक विनंती आहे. ऑपरेशनचा प्रसंग काढून टाकावा. डॉक्टर बरोबर ठरली की नाही, हे वाचकाला कळायची गरज नाही. फोन राहू द्यावा, त्यात कारणे येऊ द्यावीत, आणि ‘प्रणालीच्या निष्कर्षाशी असहमत’ या ओळीखाली ती सही करते तिथे कथा थांबावी. चुकली तर उत्तर तिलाच द्यायचे आहे, हे त्या सहीतून वाचकाला कळेल.