७८ मेगाहर्ट्झवरची खाच

महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व ३००० केल्विनपर्यंत निवले आणि प्रोटॉन व इलेक्ट्रॉन एकत्र येऊन हायड्रोजनचे अणू बनले. त्या वेळी सुटलेले प्रारण आज सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळ्या दिशांनी येते; तेच पार्श्वभूमीचे प्रारण. त्यानंतर नवा प्रकाश देणारे काहीच नव्हते, हेच अंधारयुग. दहा-वीस कोटी वर्षांनी पहिले तारे पेटले. त्यांच्या आणि पुढच्या दीर्घिकांच्या अतिनील किरणांनी हायड्रोजनचे अणू पुन्हा फोडले आणि महास्फोटानंतर साधारण १०० कोटी वर्षांनी हे पुनर्आयनीकरण पुरे झाले. या शेवटाचा पुरावा दूरच्या क्वेसारांच्या वर्णपटांत मिळतो व तो भक्कम आहे. वाद आहे तो सुरुवातीबद्दल.

जेम्स वेब दुर्बिणीला महास्फोटानंतर ३० कोटी वर्षांच्या आतली दीर्घिका दिसली आहे. पण तिच्यातही ऑक्सिजन सापडला, म्हणजे ताऱ्यांची किमान एक पिढी तिथे आधीच जगून संपली होती. पहिले तारे एकेकटे दिसण्याची आशा कमीच. त्यामुळे त्यांचा माग भोवतालच्या हायड्रोजनवरून काढावा लागतो.

हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची, म्हणजे १४२० मेगाहर्ट्झची रेडिओलहर शोषू किंवा सोडू शकतो. पहिल्या ताऱ्यांच्या वेळी वायू पार्श्वभूमीच्या प्रारणापेक्षा बराच थंड होता: प्रारण सुमारे ५० केल्विन, तर वायू सुमारे ७. तरीही ताऱ्यांआधी हा फरक २१ सेंटिमीटरच्या लहरीत जवळजवळ उमटत नव्हता, कारण इतक्या विरळ वायूत अणूंची स्थिती प्रारणच ठरवत होते. ताऱ्यांचे अतिनील किरण अणूंवर आदळून विखुरू लागले, तशी ती स्थिती वायूच्या तापमानाशी जुळली आणि थंड वायू पार्श्वभूमीतली लहर शोषू लागला. विश्वाच्या प्रसरणाने ही लहर सुमारे अठरा पट ताणली गेली असेल, तर शोषणाची खाच आज ७८ मेगाहर्ट्झच्या आसपास दिसायला हवी. पुढे क्ष-किरणांनी वायू तापला की खाच भरून येते.

अशी खाच सापडल्याचा दावा एजेस या प्रयोगाने मार्च २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये केला. जड बॉमन यांच्या गटाने पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या निर्मनुष्य भागात एक छोटा अँटेना उभारला होता. खाच नेमकी ७८ मेगाहर्ट्झला होती. काळ महास्फोटानंतर सुमारे १८ कोटी वर्षांचा. पण तिची खोली ०.५ केल्विन भरली. रूढ सिद्धान्तात ती ०.२ केल्विनच्या फार पुढे जाऊ शकत नाही. मग वायू अपेक्षेपेक्षा थंड असावा, किंवा पार्श्वभूमीचे प्रारण जास्त असावे. रेनन बरकाना यांनी कृष्णद्रव्याने वायूची उष्णता ओढून घेतली असावी असे सुचवले, आणि त्यावर लेखांची रीघ लागली. ती जरा घाईच झाली.

मोजमापाची मूळ अडचण वेगळीच आहे. याच कंप्रतेला आकाशगंगेचे रेडिओप्रारण हजारो केल्विनच्या घरात असते. त्यातून अर्धा केल्विन वेगळा काढायचा, तर आकाशगंगेचा आलेख गुळगुळीत आहे असे मानून तो वजा करावा लागतो. अँटेनाची ग्रहणक्षमता कंप्रतेनुसार किंचित बदलली, किंवा त्याखालच्या धातूच्या जाळीत अनुनाद झाला, तरी आलेखात लाट उमटते आणि ती खाचेसारखी भासते. रिचर्ड हिल्स व सहकाऱ्यांनी एजेसचीच आकडेवारी तपासली, तेव्हा वजाबाकीच्या सूत्रातून आयनावरणाचे गुणधर्म भौतिकदृष्ट्या अशक्य निघाले. तीच आकडेवारी वेगळी खाच धरूनही जुळवता येत होती.

निवाड्यासाठी वेगळे उपकरण हवे होते. ते बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने बनवले. सारस-३ हा अँटेना कर्नाटकातल्या दंडिगनहळ्ळी तलावात आणि शरावतीच्या फुगवट्यावर तराफ्यावर तरंगत ठेवला गेला. यामागचा विचार नेमका होता: जमिनीखाली मातीचे थर आणि ओलावा जागोजाग बदलतो, तर अँटेनाखालचे खोल पाणी एकसंध असते, म्हणून तिथून फसव्या लाटा येण्याचा धोका कमी. २०२२ मध्ये ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’त सौरभ सिंग व सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडला: एजेसच्या आकाराची खाच आकडेवारीत नाही, खात्री ९५.३ टक्के. ही खात्री अखेरचा शब्द ठरण्याइतकी नाही, आणि त्याहून उथळ खाच असण्याची शक्यता सारसने फेटाळलेलीही नाही.

पुनर्आयनीकरणाच्या नंतरच्या टप्प्यासाठी नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झच्या आसपास हायड्रोजनच्या चढउतारांचा शोध घेतला. तिथेही हाती आली ती संकेताची वरची मर्यादा; दक्षिण आफ्रिकेतल्या हेराने ती पुढे बरीच खाली आणली. जमिनीवरून मोजताना एफएम केंद्रे आणि आयनावरण आड येतात, म्हणून रामन संस्थेने चंद्राभोवती फिरणाऱ्या प्रतुष या यानाचा प्रस्ताव मांडला आहे. दुसऱ्या स्वतंत्र उपकरणाला एजेसची खाच दिसेपर्यंत तिचा २०१८ चा आकडा पहिल्या ताऱ्यांचा पुरावा म्हणून वापरू नये.