तलवारीची नव्वी आणि बराखीतला कांदा

मागच्या लेखात झोप आणि काळजी यांवरच्या माझ्या पीएच.डी.च्या कामाबद्दल लिहिलं, तेव्हा काही वाचकांनी विचारलं होतं की टॅरोबद्दल तुझं काय म्हणणं आहे. टाळत होते. पण २०२४ च्या मे महिन्यात आमच्या घरातच हा विषय आला होता. आज त्याबद्दलच लिहिते.

माझा आतेभाऊ अवसरी बुद्रुकला शेती करतो. त्या वर्षी त्याने उन्हाळी कांदा काढला, विकला नाही, सगळा बराखीत भरला. साधारण तीनशे पिशव्या, पिशवी पन्नास किलोची धरा. तेव्हापासून रात्री दोनला जाग येते आणि पहाटेपर्यंत डोळा लागत नाही, अशी त्याची तक्रार. वहिनींनी ओळखीच्या एका टॅरो वाचणाऱ्या ताईंना फोनवर विचारलं, "ह्या एकाच गोष्टीने ह्यांची झोप का उडालीये?" ताईंनी पत्ता काढला आणि त्याचा फोटो पाठवला. वहिनींनी तो मला पाठवला, खाली एकच ओळ: "हे बघ, अगदी दादाच बसलाय."

पत्ता होता नाइन ऑफ स्वोर्ड्स. आपण पत्ते खेळताना म्हणतो तसं म्हणायचं तर तलवारीची नव्वी.

आधी चित्र नीट बघू, कारण माझं सगळं म्हणणं चित्रावरच उभं आहे. मागे काळाकुट्ट अंधार. त्यात नऊ तलवारी आडव्या, एकीवर एक, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. खाली पलंगावर कुणीतरी उठून बसलंय, तोंड दोन्ही हातांत झाकलेलं. पायांवर गोधडी, तिच्या चौकोनांत गुलाब आणि राशींची चिन्हं. पलंगाच्या लाकडावर कोरीवकाम आहे, त्यात एक माणूस दुसऱ्याला तलवारीने पाडतोय. आणि एक गोष्ट सहज सुटते: नऊपैकी एकही तलवार त्या माणसाला टोचलेली नाही. ह्याच्या पुढचा पत्ता, तलवारीची दश्शी, पाहिलात तर तिथे दहाच्या दहा तलवारी पाठीत घुसलेल्या आहेत.

हे चित्र फार जुनं नाही. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायचे पत्ते म्हणून सुरू झाले. जुन्या मार्सेय पद्धतीच्या जोडात तलवारीच्या नव्वीवर माणूस नाहीच, नुसत्या नऊ तलवारींची नक्षी आहे. रात्री उठून बसलेला माणूस आला १९०९ साली, लंडनला. आर्थर एडवर्ड वेट यांनी जोड आखला आणि पामेला कोलमन स्मिथ यांनी चित्रं काढली. वेट यांनी लिहिलेले ह्या पत्त्याचे अर्थ मृत्यू, अपयश, निराशा अशा वळणाचे आहेत. "निर्णयाच्या काळजीने झोप न येणं" हा अर्थ आज आपण मुख्यतः चित्रावरून काढतो. म्हणजे इथे चित्रकर्तीचं काम शब्दांपेक्षा जास्त टिकलं. जागरणाचं इतकं खरं चित्र मी मानसशास्त्राच्या पुस्तकांतही क्वचित पाहिलंय.

मग माझी तक्रार काय? चित्राबद्दल नाहीच. ते ज्या तऱ्हेने वाचलं जातं, त्याबद्दल आहे.

ताईंनी सांगितलं ते थोडक्यात असं: "तुमच्या मनात खोल भीती दबली आहे, म्हणून झोप येत नाही. तलवारी खऱ्या नाहीत, मनातल्या आहेत. सोडून द्या."

पहिलं वाक्य घ्या. वहिनींनी विचारलं होतं "का". मिळालं ते "कसं". झोप उडालेल्या माणसाला झोप उडालेल्या माणसाचं चित्र दाखवलं, की त्याला वाटतं आपल्याला कुणीतरी ओळखलं. त्या ओळखीचा दिलासा खरा असतो, मी तो नाकारत नाही. पण वर्णन म्हणजे कारण नव्हे. बर्ट्राम फोरर यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांना "हे तुझ्या स्वभावाचं वर्णन" म्हणून कागद दिले. सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. दबलेली भीती कुणाच्या मनात नसते?

तुम्हीच पडताळून पाहा. समजा नव्वीऐवजी तलवारीची दुरी निघाली असती. तिच्यात डोळ्यांवर पट्टी बांधून, हातांत दोन तलवारी धरून बसलेली बाई आहे. वहिनी म्हणाल्या असत्या, "बघ, ह्यांना विकू का ठेवू तेच दिसत नाहीये." तेही चपखल बसलं असतं. कुठलाही पत्ता बसत असेल, तर बसण्यावरून कारण कळत नाही.

दुसरं वाक्य, "तलवारी मनातल्या आहेत", हे मला जास्त खटकलं. दादाच्या तलवारी मनातल्या नव्हत्या. मेमध्ये त्याला दहा किलोला १६० रुपये मिळत होते, म्हणजे तीनशे पिशव्यांचे २ लाख ४० हजार. बराखीत कांदा वाळतो, सडतो, मोड येतात. एक तृतीयांश माल गेला असं धरलं, तर पंधरा टनांचे दहा टन उरतात. तेवढेच पैसे हातात यायला दर दहा किलोला २४० हवा. म्हणजे भाव दीडपट झाला तरी कमाई शून्य, फक्त बरोबरी. त्यात निर्यातीचं. डिसेंबर २०२३ मध्ये घातलेली बंदी ४ मे २०२४ ला उठली, पण टनाला किमान ५५० डॉलर किंमत आणि ४० टक्के शुल्क लावूनच. पुढे काय होईल ते अवसरीत बसून कुणाला कळणार? आणि जुलैत मुलीची फी. अशा माणसाला "सोडून द्या" सांगणं म्हणजे त्याचा हिशोबच खोटा ठरवणं.

आता "का" कडे येऊ. मी दादाला फोन केला आणि दोनच गोष्टी विचारल्या.

पहिली: दोनलाच जाग का? तो म्हणाला, "अगं, मोटारीची लाइट रात्रीची असते ना, त्या आठवड्यात उठावंच लागतं." म्हणजे जाग काळजीने आणलीच नव्हती. उसाला पाणी द्यायला उठायची सवय लागली आणि दिवसाच्या लाइटच्या आठवड्यातही शरीर त्याच वेळेला उठू लागलं. रिकामं डोकं मग दिसेल तो विषय धरतं. हे पत्त्याने कधीच सांगितलं नसतं, कारण पत्त्याला लाइटचं वेळापत्रक माहीत नसतं.

दुसरी: मग कांदाच का? त्याने उसाचे, ट्रॅक्टरचेही निर्णय घेतले होते, त्यांनी झोप उडाली नव्हती. इथे मला उत्तर सापडलं. विकणं हा निर्णय एकदाच होतो. पट्टी हातात आली की भलाबुरा, पण संपला. ठेवणं हा निर्णय संपतच नाही. आज विकला नाही म्हणजे आज पुन्हा ठेवायचं ठरवलं. दादाला वाटत होतं आपण एक निर्णय घेतलाय. खरं तर तो रोज रात्री तोच निर्णय नव्याने घेत होता, नवी माहिती काहीच नसताना.

आता पुन्हा चित्राकडे जा. त्यात सगळं आहे, फक्त ज्याची काळजी आहे ती वस्तू नाही. बराख नाही, बाजार नाही, तारीख नाही. मला हे चित्राचं सर्वांत खरं अंग वाटतं. रात्रीची काळजी अशीच असते: "काय होईल" एवढंच उरतं, कशाचं, किती, कधी हे पुसलं जातं. म्हणून हा पत्ता वाचायचा तर जे नाही ते त्यात भरायचं, असं माझं म्हणणं. दिवसाउजेडी आणि कागदावर.

आम्ही तेच केलं. वहिनींनी वही घेतली. फीसाठी शंभर पिशव्या १० जुलैपर्यंत विकायच्या, भाव काहीही असो. दुसऱ्या शंभर, दर २५० झाला की त्याच आठवड्यात. उरलेल्या गणपतीपर्यंत, मग थांबायचं नाही. दर रविवारी बराखीच्या दोन्ही टोकांकडून, खालच्या थरातून एकेक पाटी काढून निवडायची. काजळी आणि सड आदल्या रविवारपेक्षा स्पष्ट वाढली तर तारखेची वाट न बघता सगळा माल बाहेर. निर्यातीपुढे वहिनींनी लिहिलं, "आपल्या हातात नाही", आणि ती ओळ खोडली.

असं लिहिण्याला थोडा आधारही आहे. मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५७ तरुणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. झोपण्याआधी पाच मिनिटं ज्यांनी पुढची कामं लिहिली ते, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले, आणि यादी जितकी नेमकी तितकं लवकर. नऊ मिनिटं म्हणजे चमत्कार नव्हे, आणि ती निरोगी तरुण मुलं होती, कर्ज असलेले शेतकरी नव्हेत. हे विसरू नका.

एका बाबतीत मात्र चित्रातल्या माणसासारखं वागू नका. तो पलंगावरच बसून राहिलाय. रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ पासून मांडलेला उपाय उलटा आहे: झोप येत नसेल तर अंथरूण सोडा, दुसरीकडे बसा, डोळे जड झाले की परत या. नाहीतर अंथरूण हीच काळजी करायची जागा होऊन बसते. दादा ओसरीवर बसू लागला. बिबट्याच्या भीतीने अंगणात नाही.

झोप लगेच आली का? नाही. दोनची जाग महिनाभर येतच राहिली, पण पहाटेपर्यंतचा जागर अर्ध्यापाऊण तासावर आला. शेवटच्या शंभर पिशव्या त्याने गणपतीआधी विकल्या, आणि १३ सप्टेंबरला सरकारने किमान किंमत काढून शुल्क २० टक्क्यांवर आणलं. आठवडाभर थांबलो असतो तर, म्हणून तो एक रात्र जागला. दुसऱ्या रात्री झोपला. म्हणाला, "तारीख आपणच लिहिली होती की."

आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने असंच चाललं असेल, तर वही पुरे नाही, डॉक्टरांना दाखवा. आणि चित्रातला काळा रंग दिवसाही उतरत नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर लावा. तिथे पत्ता काढण्यात वेळ घालवू नका.

वहिनींनी तो फोटो अजून ठेवलाय. ठेवू दे. फक्त आता त्या म्हणतात, दादा बसलाय खरा, पण वही कुठे दिसत नाही.