छेदापासून वाचायची शीट

कन्सल्टिंग कंपनीत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक शीट फिरते. डावीकडे नावं, मग बिलेबल तास, मग उपलब्ध तास आणि शेवटच्या रकान्यात टक्के. टक्क्यांना हिरवा, पिवळा, लाल रंग दिलेला असतो. बहुतेक मॅनेजर उजवीकडून वाचायला सुरुवात करतात, म्हणजे रंगापासून. मला मात्र ही शीट वाचायला मजा येते ती छेदापासून. भागाकार साधाच आहे: ग्राहकाला लावता येतील असे तास भागिले माणसाकडे असलेले तास. या अपूर्णांकाची सगळी गंमत खालच्या अंकात आहे, आणि कोणी काही लपवत असेल तर तेही बहुधा तिथेच असतं.

पुण्यातल्या एका सॅप इम्प्लिमेंटेशन टीमची कल्पना करू. महिन्यात कामाचे २२ दिवस, दिवसाचे ८ तास, म्हणजे माणशी १७६ तास. टीममधल्या फायनान्सवालीने १२० तास बिल केले. टक्केवारी ६८, रंग लाल. पण त्या महिन्यात तिची पाच दिवस मंजूर रजा होती. रजेचे ४० तास छेदातून वजा केले की उरतात १३६, आणि तेच १२० तास ८८ टक्के होतात. माणूस तोच, काम तेच, फरक वीस टक्क्यांचा. यातलं खरं कोणतं असा वाद ऑफिसात रंगतो, पण तो निरर्थक आहे. पगार रजेच्या दिवसांचाही द्यावा लागतो, म्हणून कंपनीचा खर्च वसूल होतो का हे बघायचं तर ६८ योग्य. तिच्यावर आणखी काम टाकता येईल का हे बघायचं तर ८८ योग्य. गोंधळ होतो तो एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला दिल्यावर. सगळ्यांत वाईट म्हणजे एका विभागाने रजा वगळून आणि दुसऱ्याने धरून आकडे काढायचे आणि मग दोघांची तुलना करायची. इन्फोसिस आपल्या तिमाही तक्त्यात युटिलायझेशनच्या दोन ओळी देते, एक प्रशिक्षणार्थी धरून आणि एक वगळून. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. छेद दोन प्रकारे मांडता येतो हे वाचणाऱ्याला सांगून टाकलं की निम्मं भांडण मिटतं.

आता अंशाकडे. त्याच टीममधल्या लॉजिस्टिक्सच्या माणसाने १५८ तास लावलेत, रजा नाही, म्हणजे ९० टक्के. हिरवागार. पण त्याचं काम ठरावीक किमतीच्या करारातलं आहे. एस्टिमेट १०० तासांचं होतं, तासाचा दर ३,००० रुपये धरून ग्राहकाकडून तीन लाख ठरले होते. जुना डेटा नीट साफ नव्हता, मायग्रेशन दोनदा करावं लागलं आणि तास १५८ वर गेले. पैसे तीन लाखच येणार, म्हणजे प्रत्यक्षात तासाला १,९०० रुपये. शीटवर लाल असलेल्या फायनान्सवालीचं काम तासाच्या दराने होतं. तिने १२० तासांत ३ लाख ६० हजार मिळवून दिले. म्हणजे लाल रकाना हिरव्यापेक्षा साठ हजारांनी जास्त कमावतोय आणि शीट नेमकं उलटं सांगतेय. काम लांबलं, बिघडलं, पुन्हा करावं लागलं की युटिलायझेशन वाढतं. हा या आकड्याचा सगळ्यांत खट्याळ गुण आहे. म्हणून त्याच्या शेजारी रिअलायझेशनचा रकाना लागतोच: लावलेल्या तासांच्या रेट कार्डप्रमाणे होणाऱ्या किमतीपैकी प्रत्यक्षात किती वसूल झाले. लॉजिस्टिक्सवाल्याचं रिअलायझेशन ६३ टक्के निघतं. हे दोन रकाने एकमेकांशेजारी नसतील तर मी तसल्या शीटवर मत द्यायचं टाळतो.

पण या शीटमधली सर्वांत सुंदर जागा एका ओळीत सापडत नाही, ती तीन ओळी एकत्र वाचल्यावर सापडते. एक सोल्यूशन आर्किटेक्ट आणि त्याच्या हाताखालच्या दोन ज्युनिअर घ्या. मागच्या तिमाहीत आर्किटेक्ट ४५ टक्के, दोघी ८५-८५. सरासरी जवळजवळ ७२. या तिमाहीत आर्किटेक्ट ७५, दोघी ७०-७०. सरासरी पुन्हा तीच, दशांशापर्यंत तीच. वरिष्ठांच्या बैठकीत ही स्लाइड ‘स्थिर’ म्हणून पुढे सरकते. प्रत्यक्षात झालंय असं की ज्युनिअरनी करायचं कॉन्फिगरेशन आर्किटेक्ट स्वतःच करत बसलाय. कदाचित डेडलाइन जवळ आली म्हणून, कदाचित ‘समजावून सांगण्यापेक्षा मीच करतो’ म्हणून. त्याचे उरलेले ५५ टक्के तास आधी प्रपोजल लिहिण्यात, नव्या ग्राहकाच्या प्रश्नांची उत्तरं देण्यात, दोघींचं काम तपासण्यात जात होते. त्यातले ३० टक्के आता ग्राहकाच्या कोडवर गेले. त्याची किंमत या शीटवर दिसणार नाही. ती दोन-तीन महिन्यांनी दिसेल, चालू प्रोजेक्ट संपून पुढचा हातात नसेल आणि तिघंही एकदम बेंचवर येतील तेव्हा. व्यावसायिक सेवा कंपन्यांवर लिहिणाऱ्या डेव्हिड मेस्टरने १९९३ च्या आपल्या पुस्तकात युटिलायझेशनला स्वच्छतेच्या खात्यात टाकलं आणि आरोग्य वेगळ्या गोष्टींत शोधलं: वाढवता येणारा दर, कामाची योग्य माणसांत वाटणी. वरच्या तीन ओळींत त्याचं म्हणणं जसंच्या तसं मांडलेलं सापडतं.

म्हणून ‘किती टक्के निरोगी’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. ज्युनिअरला ८५ शोभतात, आर्किटेक्टला ४५ ते ५०, आणि धंदा आणणाऱ्या पार्टनरचे ७५ दिसले तर मला काळजी वाटते. आकड्याची दिशा आकड्याइतकीच बोलकी असते. ज्युनिअर ८५ वरून ९५ वर गेल्या आणि तिथेच टिकल्या, तर पुढच्या ग्राहकाच्या तातडीच्या कामाला रांग लागणार हे गणितानेच ठरतं: काम अनियमित येत असेल तर क्षमता पूर्ण भरत आली की वाट बघण्याचा वेळ सरळ रेषेत वाढत नाही, उसळी मारतो. मंथ एंडला ग्राहकाचं पोस्टिंग अडकलं की हे सगळ्यांना एकदम कळतं.

उरली टाइमशीट, जिच्यावर ही सगळी इमारत उभी आहे. ती बहुधा शुक्रवारी संध्याकाळी, आठवून आठवून भरली जाते. पाचही दिवस नेमके आठ तास, एकाच कोडवर, असं दिसलं की समजावं की ही नोंद नाही, उपचार आहे. रात्री अकरापर्यंत बसलेल्या माणसाच्याही रकान्यात आठच असतात, कारण सिस्टिम त्याहून जास्त घेत नाही किंवा मॅनेजरला ते बघायचं नसतं. तो थकून नोकरी सोडतो तेव्हा शीट त्याला ९० टक्के, उत्तम असंच म्हणत असते.

आणि बोनस ८५ टक्क्यांना बांधलेला असेल तर वाचन आणखी रंगतं. अशा टीममध्ये ८५, ८६, ८५ अशी माणसं दाटीवाटीने उभी असतात आणि ८२-८३ वर चिटपाखरू नसतं. कामाचं खरं वाटप इतकं नीटनेटकं कधीच होत नाही. अशा वेळी मी बिलेबल रकाना झाकतो आणि नॉन-बिलेबल कोड वाचतो: ट्रेनिंग, प्रपोजल, अंतर्गत कामं. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांत तिथे तास असतात, तिसऱ्यात ते अचानक शून्यावर येतात आणि त्याच महिन्यात एखाद्या ठरावीक किमतीच्या प्रोजेक्टवर तास अवचित वाढतात. ते तास कुठून आले हे विचारायला मी त्या प्रोजेक्टच्या मॅनेजरकडे जातो, शीट बनवणाऱ्याकडे नाही.