हसणारा एक, दुखावणारा दुसरा : अपमान विनोदी कधी होतो?

आज समोर बसलेल्यांपैकी बरेच जण विरार, नालासोपारा, वसई, नायगाव या पट्ट्यातले आहेत, म्हणजे लोकलच्या डब्यात शब्द खाल्लेले आणि दिलेले लोक. (हशा) त्यामुळे विषय तुम्हाला परका नाही. प्रश्न साधा आहे. एकच शिवी, एकच टोमणा, एका ठिकाणी हशा पिकवतो आणि दुसऱ्या ठिकाणी माणसाला आतून तोडतो. असं का होतं? 'सेन्स ऑफ ह्यूमर नाही' किंवा 'हल्ली लोक फार हळवे झालेत' ही उत्तरं आपण नेहमी ऐकतो. पण ती उत्तरं नाहीत, ते प्रश्न टाळणं आहे.

पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरन या दोन अमेरिकन संशोधकांनी 2010 मध्ये एक मांडणी पुढे आणली. तिला 'बिनाइन व्हायोलेशन' सिद्धांत म्हणतात. आपण तिला 'निरुपद्रवी मर्यादाभंग' म्हणू. त्याआधी 1998 मध्ये टॉमस वीच या अभ्यासकाने याच दिशेची कल्पना मांडली होती. सांगणं असं : हसू येण्यासाठी तीन गोष्टी लागतात. काहीतरी मर्यादा मोडली पाहिजे, म्हणजे जग जसं असायला हवं तसं ते त्या क्षणी नसलं पाहिजे. दुसरं, ते मोडणं आपल्याला निरुपद्रवी वाटलं पाहिजे. आणि तिसरं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जाणवल्या पाहिजेत. आधी भीती आणि मग सुटका, असं नाही. दोन्ही एकत्र.

गुदगुल्या घ्या. स्वतःलाच गुदगुल्या करून बघा, हसू येत नाही, कारण तिथे कसलंच आक्रमण नाही. मोठ्या भावाने केल्या की हसू येतं, कारण आक्रमण आहे पण भाव ठाऊक आहे. आता तेच चर्चगेटला गर्दीत कुणा अनोळखी माणसाने केलं तर? बोटं तीच, बरगडी तीच, पण हसू नाही. आक्रमण उरलं, निरुपद्रवीपण गेलं. अपमानाचंही नेमकं हेच आहे. अपमान ही शब्दांची गुदगुली आहे, आणि बोट कुणाचं आहे यावर सगळं ठरतं.

मग मर्यादाभंग निरुपद्रवी कशाने वाटतो? मॅकग्रॉ आणि वॉरन तीन वाटा सांगतात. पहिली, एका नियमाने ते चूक असतं पण दुसऱ्या एखाद्या नियमाने चालतं. दुसरी, जो नियम मोडला त्याच्याशी आपली बांधिलकीच ढिली असते. तिसरी, ती गोष्ट आपल्यापासून लांब असते : काळाने लांब, नात्याने लांब, किंवा खरी नसून काल्पनिक. या तिन्हींतली एखादी वाट उघडी असली तरी हसू येऊ शकतं.

विरार फास्टचा डबा घ्या. रोज ठरलेल्या जागी बसणारा एक ग्रुप आहे. चौथ्या सीटवर टेकलेल्या मित्राला कुणी म्हणतं, "ए जाड्या, सरक ना जरा, तुझ्यामुळे गाडी भाईंदरच्या पुलावर एका बाजूला झुकते." सगळे हसतात, जाड्याही हसतो, आणि लगेच परततो, "तुझ्या डोक्यावरचं चकाकतंय ते झाक आधी, मोटरमनला सिग्नल दिसत नाही." इथे पहिली वाट उघडी आहे. रस्त्यावरच्या नियमाने कुणाच्या शरीरावर बोलणं चूक आहे, पण ग्रुपचा नियम वेगळा आहे : इथे सगळेच सगळ्यांना टोचतात, उद्या माझा नंबर. आता बोरिवलीला चढलेला एक अनोळखी प्रवासी तोच शब्द वापरतो, "ओ जाडे, सरका." शब्द एकच, पण ग्रुपचा नियम त्याला लागू नाही. तिथे उरतो फक्त अपमान, आणि बहुधा मारामारी.

अजून पुढे जाऊ. त्याच मित्राला मंगळवारी डॉक्टरांनी सांगितलं की वजनाने हृदयावर ताण आलाय. बुधवारी पुन्हा पुलाचा जोक होतो. ग्रुप तोच, नियम तोच, पण आता ज्या गोष्टीवर बोट ठेवलं तिच्याशी त्याची बांधिलकी बदलली आहे. वजन कालपर्यंत गंमत होती, आज भीती आहे. तो हसेल. पण नीट पाहिलं तर तो इतरांपेक्षा जरासा उशिरा हसतो, आणि उलट टोला देत नाही. मला विचाराल तर हीच पारख आहे. हसण्याकडे बघू नका, परतफेडीकडे बघा. टोला परत येतोय तोवर खेळ चालू आहे. टोला यायचा थांबला की एका बाजूने खेळ संपलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला पत्ताही नसतो.

याच डब्यात 'भैया' आणि 'घाटी' हे शब्दही चालतात. 'भैया' म्हणजे खरं तर भाऊ, पण उच्चारताना त्याचा अर्थ कसा होतो हे आपल्याला माहीत आहे. दोन मित्र एकमेकांना हे शब्द देत-घेत असतील तर तो खेळ असू शकतो, कारण दोन्हीकडे उत्तर आहे. पण दहा जणांत एकटा उत्तर भारतीय असेल आणि बाकीचे नऊही जण 'भैया' म्हणत असतील, तर 'घाटी' हे उत्तर त्याच्याकडे असूनही त्याला ते वापरता येत नाही. तो हसतो, कारण त्याला गोरखपूरला नाही, नालासोपाऱ्याला उतरायचंय, आणि उद्या पुन्हा याच डब्यात चढायचंय. हे हसू सिद्धांतातलं हसू नाही. हे भाडं आहे.

इथे मूळ मुद्द्याकडे येतो. हा सिद्धांत वाचताना बहुतेक जण एक शब्द निसटू देतात : निरुपद्रवी कुणाला? सिद्धांत सांगतो तो हसणाऱ्याबद्दल. मर्यादाभंग हसणाऱ्याला निरुपद्रवी वाटला पाहिजे. ज्याच्यावर विनोद झाला त्याला तो तसा वाटलाच पाहिजे, अशी अट त्यात कुठेही नाही. मॅकग्रॉ आणि वॉरन यांच्याच एका प्रयोगात हे दिसतं. लोकांना एक प्रसंग सांगितला : एक चर्च नवे सभासद मिळवण्यासाठी सोडतीत हमर ही मोठी गाडी बक्षीस देतं. चर्चला जाणारे आणि न जाणारे, दोघांनाही ते अयोग्य वाटलं. पण चर्चला न जाणाऱ्यांना त्यात गंमत जास्त वाटली. मर्यादा दोघांनाही मोडलेली दिसत होती. फरक फक्त ती मर्यादा कुणाची होती याचा.

आता आपल्याकडचं एक प्रकरण या कसोटीवर घासू. 20 डिसेंबर 2014 ला वरळीच्या एनएससीआयमध्ये 'एआयबी नॉकआउट' झाला. करण जोहर रोस्टमास्टर, रणवीर सिंग आणि अर्जुन कपूर हे लक्ष्य, आणि स्टेजवर इतर विनोदकारांची रांग. जानेवारी 2015 च्या शेवटी व्हिडिओ यूट्यूबवर आला, लाखो लोकांनी पाहिला, पोलिसात तक्रारी गेल्या आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो काढून टाकला गेला. आमिर खानने त्याला हिंसक म्हटलं. बाजू घेणाऱ्यांनी 'संमती होती ना' असं म्हटलं. दोन्ही बाजू एका अर्थी अर्ध्याच बोलत होत्या.

कारण त्या संध्याकाळी स्टेजवर दोन वेगळ्या जातीचे विनोद झाले. एक, खुर्चीवर बसलेल्या माणसांवरचे. तिथे पहिली वाट पूर्ण उघडी होती. रोस्ट हा प्रकारच असा की लक्ष्य स्वतः येऊन बसतं, बोलणाऱ्यांवरही टोले पडतात, आणि शेवटी लक्ष्याला माइक मिळतो. म्हणजे परतफेड कार्यक्रमातच बांधलेली असते. हे विनोद गलिच्छ होते की नाही हा रुचीचा प्रश्न, पण रणवीर आणि अर्जुन यांच्या बाबतीत त्यांना अपमान म्हणणं कठीण आहे.

दुसरे, खुर्चीवर नसलेल्यांवरचे. त्यात ख्रिस्ती श्रद्धेची टर उडवणारे विनोदही होते. आता तिन्ही वाटा तपासा. रोस्टचा नियम? तो श्रद्धावंतांनी मान्य केलेला नव्हता. ढिली बांधिलकी? सभागृहातल्या अनेकांची असेल, पण वसईत रविवारी मिसाला जाणाऱ्या माणसाची नाही. अंतर? वरळीतल्या प्रेक्षकाला होतं, आपल्या पापडीच्या किंवा होळीच्या माणसाला नाही. एकही वाट उघडी नाही, उरला निव्वळ मर्यादाभंग. म्हणूनच पुढे एआयबीच्या मंडळींनी मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांच्याकडे बिनशर्त माफी मागितली. लक्षात घ्या, ज्यांच्यावर सर्वात जास्त शिव्या पडल्या ते हसले, आणि माफी मागावी लागली ती ज्यांना माइक मिळालाच नव्हता त्यांची. शिवीची तीव्रता मोजून हे कधीच समजणार नाही. कुणाकडे उत्तर द्यायची जागा होती, हे मोजलं तर समजतं.

आता सिद्धांताच्या मर्यादाही बोलायला हव्यात. एक आक्षेप असा की हे गोल फिरणं आहे : हसू आलं म्हणजे निरुपद्रवी होतं, नाही आलं म्हणजे नव्हतं. आक्षेपात तथ्य आहे, जर आपण तो नंतर वापरला तर. म्हणून 'हे चूक आहे का' आणि 'हे मजेशीर आहे का' हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. संशोधक तेच करतात. दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची. हा सिद्धांत हसू का आलं ते सांगतो, विनोद करणं योग्य होतं का ते सांगत नाही. सभागृह हसलं यावरून एवढंच सिद्ध होतं की सभागृहाला धक्का लागला नाही.

त्यामुळे 'सगळे हसले की' हा बचाव या सिद्धांताच्या आधारे कुणी देऊ लागलं, तर त्याने सिद्धांत उलटा वाचलाय. सगळे कोण, ते विचारा. आणि ज्याच्यावर हसलात तो त्या 'सगळ्यां'त मोजलाय का, तेही विचारा.